'टेन्शन'च्या पोटात काय काय

घणसोली-रबाळेच्या पट्ट्यातल्या आमच्या तळवलीत संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसलं, की क्रिकेट, राजकारण आणि साडेबारा टक्क्यांचे प्लॉट हे तीन विषय ठरलेले. परवा चौथा निघाला. गल्लीतल्या एका पोराची नोकरी गेली आणि तो मित्रांसमोर रडला, एवढीच गोष्ट. त्यावर एक काका म्हणाले, "आमच्या बापाशीची जमीन गेली, पन डोल्यान पानी नाय आनला त्यानी." सगळ्यांनी माना डोलावल्या. वयाचा मान म्हणून मीही गप्प बसलो.

काका पुढे जे बोलले त्याचा सारांश असा. एक, पुरुषाची मैत्री बोलण्यात नसते, कामात असते. वेळेला धावून येतो तो मित्र. दोन, दुःख उगाळत बसलं की ते वाढतं, म्हणून गिळावं आणि कामाला लागावं. तीन, मन मोकळं करणं वगैरे बाहेरून आलेली खुळं आहेत, आपल्यात असलं काही नव्हतं. मांडणी रोखठोक होती आणि कट्ट्याला पटली. मला पटली नाही. कट्ट्यावर दिलं नाही ते उत्तर इथे देतो, कारण हे एकट्या काकांचं मत नाही. घराघरात मुलगे याच मतावर वाढतात.

उत्तराआधी एक हकिकत सांगतो. माझा शाळेपासूनचा एक मित्र आहे. रबाळ्याच्या एमआयडीसीत तो एका कारखान्यात वर्षानुवर्षं कंत्राटावर होता. एक लाइन बंद पडली आणि काम गेलं. त्याच वर्षी त्याची आई वारली. तिला जाऊन चार-पाच महिने झाले असतील, तेव्हा त्याला रात्री दोन-तीनला दचकून जाग यायला लागली. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं, बोटांना मुंग्या यायच्या, श्वास पुरायचा नाही. पहिल्यांदा आम्हीच त्याला रिक्षात घालून नेलं. ईसीजी झाला, ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं, पुढे टू-डी इकोही झाला. सगळं नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. दोन महिन्यांत हे तीनदा झालं. दरवेळी डॉक्टर विचारायचे, "काही टेन्शन?" तो म्हणायचा, "नाही, तसं काही नाही." आम्हाला मात्र तो सांगायचा, "जरा टेन्शन आहे रे."

आम्ही चार मित्र. काकांच्या व्याख्येत पुरेपूर बसणारे. एकाने पैसे उसने दिले, एकाने दुसऱ्या कंपनीत शब्द टाकला, एकाने गाडी दिली. आणि दर शनिवारी आम्ही 'बसायचो'. जवळपास वर्षभरात आमच्यातल्या कुणाच्याही तोंडून 'आई' हा शब्द निघाला नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही तो टाळला, आणि आम्हाला अवघड होईल म्हणून त्याने.

मग एकदा त्याच्या घरी कपाट हलवत होतो. मागून मिसरीची डबी निघाली, आईची. त्याने ती उचलली, झाकण उघडलं, बंद केलं आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. मी म्हटलं, "हे बघून काय होतं तुला?" म्हणाला, "टेन्शन येतं." का कुणास ठाऊक, त्या दिवशी मी तिथे थांबलो नाही. विचारलं, "टेन्शन म्हणजे नक्की काय होतं?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चुकल्यासारखं वाटतं." त्या सकाळी आई म्हणाली होती, बरं वाटत नाही, दवाखान्यात ने. तो म्हणाला होता, संध्याकाळी नेतो. एक खाडा झाला तर कंत्राटदार नाव काढेल, ही भीती. संध्याकाळी न्यायला आई उरली नव्हती.

वर्षभर आम्ही ज्याला टेन्शन समजत होतो ती रुखरुख होती. हा शब्दाचा कीस नाही. टेन्शन पुढच्या गोष्टीचं असतं, रुखरुख घडून गेलेल्या गोष्टीची. टेन्शनवर उसने पैसे चालतात, ओळख चालते, 'होईल रे सगळं ठीक' हे वाक्यही चालतं. रुखरुख लागलेल्या माणसाला हेच वाक्य बोचतं, कारण जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्याला कुणाजवळ तरी कबुली द्यायची होती. पुढे ती त्याने थोरल्या बहिणीपाशी दिली. ती एवढंच म्हणाली, "आईनं मलाही फोन केला होता. मीपण उद्या येते म्हटलं." दोघं रडली. छातीचा त्रास त्यामुळे जादूसारखा गेला नाही. तो मनोविकारतज्ज्ञांकडे गेला, पॅनिकचे झटके असल्याचं निदान झालं, काही महिने गोळ्या आणि समुपदेशन चाललं. पण तिथे पहिल्या भेटीत 'काही टेन्शन?' या प्रश्नाला त्याच्याजवळ खरं उत्तर होतं.

आता काकांचा पहिला मुद्दा: पुरुषाची मैत्री कामात असते. हे निम्मं खरं आहे आणि त्या निम्म्याला माझा रामराम. रात्री एकला रक्त लागलं तर आमच्या गावात दहा पोरं उभी राहतात. लग्नाचा मांडव असो की कुणाची तिरडी, बोलवावं लागत नाही. ही मैत्री हलकी मानणाऱ्या शहाण्यांशी माझंही जमत नाही. पण ती केव्हा धावून येते ते बघा. अपघात, लग्न, मयत, आजारपण, पोलीस ठाणं. म्हणजे बाहेर काहीतरी घडलेलं, दिसणारं असावं लागतं. बापाने आयुष्यात एकदाही शाबासकी दिली नाही याचा सल असेल, नोकरी गेल्यावर बायकोसमोर ओशाळं वाटत असेल, जुना मित्र ठाण्याला राहायला गेल्याची हुरहूर असेल, तर कोणती गाडी काढायची? या दुःखांना रक्ताची बाटली लागत नाही. ती सांगितल्याशिवाय दिसत नाहीत, आणि सांगायला नाव लागतं. धावून येणारे मित्र चार हातांवर असतात आणि माणूस एकटा असतो, तो असा.

याला आमच्याकडे एक पळवाट आहे, 'बसणं'. दुसऱ्या-तिसऱ्या पेगनंतर पुरुषाला सगळं माफ असतं. तो रडतो, मित्राच्या गळ्यात पडतो, 'तू माझा भाऊ आहेस' म्हणतो. हळदीच्या रात्री मांडवामागे हे दृश्य कुणी पाहिलेलं नाही? पण त्याला एक अलिखित अट आहे: सकाळी ते सगळं रद्द. 'काल जरा जास्त झाली' एवढ्या चार शब्दांत रात्रीची कबुली पुसली जाते, आणि ऐकणाऱ्यानेही ती पुन्हा काढायची नाही. म्हणजे बोलण्याची गरज आहे हे आम्हालाही ठाऊक आहे. आम्ही फक्त त्यासाठी असं ठिकाण निवडलं आहे, जिथे बोललेलं टिकत नाही. वर दारू झोप मोडते, दुसऱ्या दिवशी मन आणखी खचवते, आणि दर आठवड्याचं बसणं रोजचं कधी होतं हे कळत नाही. पुरुषाला बोलायची गरजच नाही म्हणणाऱ्यांनी शनिवारी रात्री अकरानंतर कुठल्याही बैठकीत जाऊन ऐकावं.

इथे कुणी म्हणेल, पुरुषाचा पिंडच तसा. भावना कळणं आणि सांगणं अवघड जाण्याला मानसशास्त्रात 'ॲलेक्सिथायमिया' म्हणतात. पीटर सिफ्निऑस या मनोविकारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द रूढ केला. ते मोजायला वीस प्रश्नांची एक टोरांटो मापनपट्टी वापरतात. आपल्याला काय वाटतंय ते ओळखता येतं का, ते शब्दांत सांगता येतं का, आणि लक्ष सतत बाहेरच्या घडामोडींवरच असतं का, असे तिचे तीन भाग आहेत. पुरुषांना लहानपणापासून मिळणाऱ्या शिकवणुकीतून हे अवघडलेपण सौम्य रूपात येतं, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांचं म्हणणं. पण त्यांनीच २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बायका आणि पुरुष यांच्यातला सरासरी फरक लहानच निघाला. हे अवघडलेपण दोघांतही असतं. 'सगळे पुरुष मुके' असं मला म्हणता येत नाही, आणि 'पुरुषाची जातच अशी' असं काकांना म्हणता येत नाही. पिंडातच असतं तर अंतर एवढं थोडं कसं?

मराठी माणसाजवळ शब्द नाहीत असंही नाही. घालमेल, तगमग, कासाविशी, धास्ती, धाकधूक, हळहळ, चुटपुट, खंत, सल, उबग, हिरमुसणं, खजील होणं, काहूर माजणं. नुसतं वाईट वाटण्याच्या इतक्या छटा आपल्याकडे आहेत आणि त्या पुस्तकी नाहीत. आमच्या आया-मावश्या पाण्याच्या नळावर त्या सहज वापरत. पुरुषांनी या सगळ्यावर 'टेन्शन', 'मूड नाही' आणि 'डोकं फिरलंय' ही तीन झाकणं ठेवली. तिसरं झाकण सगळ्यात सोयीचं, कारण रागाला पुरुषाच्या जगात बंदी नाही. मग ओशाळलेपणही रागाच्या तोंडाने बाहेर पडतं, भीतीही आणि शोकही. घरच्यांना दिसतो तो फक्त आदळआपट करणारा माणूस.

काकांचा दुसरा मुद्दा, दुःख उगाळलं की वाढतं. यातही तथ्य आहे. अमांडा रोझ यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. दोन मैत्रिणी एकच अडचण पुन्हा पुन्हा घोळत बसल्या की मैत्री घट्ट होते, पण उदासी आणि चिंताही वाढते, असं त्यांना २००७ मध्ये दिसलं. काकांनी हा अभ्यास वाचला असता तर कट्ट्यावर फडकवला असता. पण त्याचा उरलेला भाग असा, की मुलग्यांमध्ये तशाच बोलण्याने मैत्री सुधारली आणि उदासी वाढली नाही. उगाळण्याचा धोका दाखवून ज्यांना गप्प बसवलं जातं, त्यांच्यातच तो धोका दिसला नाही.

शिवाय उगाळणं वेगळं आणि नाव देणं वेगळं. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना घाबरलेले, चिडलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली. नुसतं नाव निवडायला सांगितलं, म्हणजे चेहऱ्याला माणसाचं नाव जोडायला लावलं, तेव्हा तसा उतार दिसला नाही. आणि गिळण्याचं काय? जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात लोकांना किळस आणणारी किंवा दुःखद फिल्म दाखवून चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं बजावलं. चेहरे कोरे राहिले, पण शरीराच्या आतली ताणाची यंत्रणा जास्त जोरात चालली. गिळलेलं नाहीसं होत नाही, इतकाच याचा अर्थ.

ते पुढे कुठवर जातं? पूर्व फिनलंडमध्ये ४२ ते ६० वयाच्या दोन हजारांहून अधिक पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. १९९६ मध्ये युसी काउहानेन आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. भावना ओळखण्यात आणि सांगण्यात ज्यांना सगळ्यात जास्त अडचण होती, त्यांचा मृत्यूचा धोका सगळ्यात कमी अडचण असलेल्यांच्या दुपटीच्या आसपास होता. हा एका देशातला अभ्यास आहे. न बोलल्याने माणूस मरतो असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण गिळून टाकणं हा तब्येतीचा मार्ग आहे, असं म्हणायला तर याहून कमी आधार आहे.

छातीच्या दुखण्याबाबत मात्र गफलत नको. चाळिशीतल्या माणसाच्या छातीत दुखलं तर आधी ईसीजी, मग मनाचं. 'टेन्शनने होतंय' म्हणून घरी थांबलेला माणूस हृदयविकारानेही जाऊ शकतो. पण तपासण्या स्वच्छ असतील, त्रास पुन्हा पुन्हा येत असेल, दहा-वीस मिनिटांत चढून उतरत असेल आणि त्याआधीच्या वर्षभरात काही मोठं हातून गेलं असेल, तर ॲसिडिटीची चौथी पट्टी आणण्याऐवजी डॉक्टरांना ते गेलेलं सांगावं. डॉक्टर विचारतात तेव्हा 'नाही, तसं काही नाही' म्हणणं म्हणजे दुखऱ्या दाताऐवजी शेजारचा दात दाखवणं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा आकडाही बघावा. देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात १,२२,७२४ पुरुष होते, शंभरात बहात्तरच्या आसपास. राज्यांत सगळ्यात जास्त नोंद महाराष्ट्राची. कर्ज, बेकारी, आजार, व्यसन, घरातली भांडणं, कारणं अनेक आणि एकमेकांत गुंतलेली. मौन हे त्यातलं एकमेव कारण असं मी म्हणणार नाही. पण या प्रत्येक कारणावर वेळेत मदत मागता येते, आणि मागण्यासाठी तोंड उघडावं लागतं.

तिसरा मुद्दा, आपल्यात असलं नव्हतं. काका माळकरी आहेत, म्हणून याचं नवल वाटलं. वारीत धिप्पाड शेतकरी एकमेकांना उराउरी भेटतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून हमसून रडतात. त्यांना कुणी बायल्या म्हणत नाही. सोळाशे तीसच्या दुष्काळात तुकोबांची बायको आणि मुलगा गेले, आणि त्या उद्ध्वस्त मनाची वाट त्यांनी लपवली नाही, अभंगांतून उघडी मांडली. महाराष्ट्राने त्यांना दुबळं ठरवलं नाही, जगद्गुरू म्हटलं. मुलाने आईसाठी हळवं होण्याचं 'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, इंग्रजांशी लढताना. लढणं आणि डोळे भरून येणं एकाच माणसात मावतं, हे आपल्याला कुणा परदेशी पुस्तकातून शिकायचं नव्हतं. बाहेरून आलं असेल तर ते 'टेन्शन' आलंय.

शेवटी काकांच्या वडिलांविषयी. इथे मी जपून बोलतो, कारण ती पिढी माझ्याही घरात होती. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराखाली गेल्या. तळवलीचीही भातशेती गेली. पुढे जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्या रागाने साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळवून दिले. रागाचं ते काम होतं आणि त्याने ते चोख केलं. पण ज्या माणसाचे पाय पन्नास वर्षं चिखलात रोवलेले होते, त्याला भात लावायचाच राहिला नाही तेव्हा आषाढात काय वाटत असेल, हे कुठल्या मोर्चात मांडता आलं? पैसा आला, बंगला झाला, गाडी आली. शेताचा शोक तसाच राहिला. तो कुठे गेला ते गावातल्या कुणाला विचारायची गरज नाही. कितीतरी घरांत तो संध्याकाळी बाटलीपाशी जाऊन बसला. काका म्हणतात वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. नसेलही. पण ते नंतर कसे जगले, कुणाशी किती बोलले, हे काकांनी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

प्रत्येकाने चारचौघांत रडावं अशी माझी मागणी नाही. जबरदस्तीने बोलतं करणं हा जाचच आहे, आणि मोकळा झालेल्या मित्राची नंतर ग्रुपवर चेष्टा करणं हा त्याहून मोठा. मी मागतो ते अगदी थोडं आहे. मित्र 'टेन्शन आहे' म्हणाला की 'चल बसू' म्हणण्याआधी एकदा विचारा, "टेन्शन म्हणजे नक्की काय होतंय?" आणि मग गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो. ते कट्ट्यावर समोरासमोर येणार नाही. गाडीवर मागे बसलेला असताना येईल, खाडीकडे चालताना येईल, कपाट हलवताना येईल. आलं की सल्ला देऊ नका आणि सकाळी ते रद्द करू नका. आणि ऐकताना वाटलं की हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, माणूस जगण्यालाच कंटाळलाय, तर त्याला एकटं सोडू नका. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

काका, पुढच्या शनिवारी मी कट्ट्यावर येतोय. तुमच्या वडिलांचं शेत कुठे होतं आणि ते गेलं त्या वर्षी घरात काय झालं, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय. बाटली नको, चहा सांगतो.